अठ्ठेचाळीसच्या पुढचा नोड

बायनरी सर्च ट्रीमध्ये प्रत्येक नोडच्या डावीकडच्या फांदीत त्याच्याहून लहान आकडे असतात आणि उजवीकडच्या फांदीत मोठे. आधी डावी फांदी, मग स्वतः नोड, मग उजवी फांदी असा ट्री वाचत गेले की सगळे आकडे चढत्या क्रमाने बाहेर पडतात. या वाचनाला इनऑर्डर म्हणतात आणि त्यात एखाद्या नोडच्या लगेच पुढे येणारा नोड म्हणजे त्याचा सक्सेसर. संपूर्ण ट्री न वाचता तो कसा शोधायचा, हे पुढच्या ११ नोडच्या ट्रीवर नीट दिसते.

```
               ५०
            /      \
         ३०          ७०
        /  \        /  \
      २०    ४०    ६०    ८०
           /  \   /
         ३५   ४५ ५५
                \
                 ४८
```

ज्या नोडला उजवे अपत्य आहे त्याचे उत्तर खालीच मिळते. ३० चा सक्सेसर हवा असेल तर एकदा उजवीकडे, म्हणजे ४० वर जायचे आणि तिथून डावीकडे जाता येईल तितके जायचे. ३५ ला डावे अपत्य नाही, म्हणून शोध तिथेच थांबतो. ५० साठी याच रीतीने ७०, ६० आणि मग ५५ मिळतो. अशा रीतीने सापडलेल्या सक्सेसरला डावे अपत्य कधीच नसते. दोन अपत्ये असलेला नोड काढून टाकताना त्याच्या जागी सक्सेसर बसवतात तो याच कारणाने: तो आपल्या जागेवरून सहज सुटा होतो.

४८ ला मात्र उजवे अपत्य नाही. त्याच्याहून मोठा आकडा आता वरच असू शकतो. पण वर जाताना भेटणारा पहिलाच नोड उत्तर असतो असे नाही. ४८ हा ४५ चे उजवे अपत्य आहे, म्हणजे ४५ त्याच्याहून लहान. ४५ हा ४० च्या उजवीकडे आणि ४० हा ३० च्या उजवीकडे, म्हणून तेही लहान. ३० हा मात्र ५० च्या डावीकडे आहे. डावीकडून वर येणे प्रथम इथे घडले, म्हणून उत्तर ५०. ज्या ट्रीत प्रत्येक नोड आपल्या पॅरेंटचा पत्ता बाळगतो, तिथे हे काम असे लिहितात:

```
successor(x):
  if x.right != null:
    return leftmost(x.right)
  y = x.parent
  while y != null and x == y.right:
    x = y
    y = y.parent
  return y
```

८० पासून चढले तर ७०, मग ५० आणि त्यानंतर null. सर्वांत मोठ्या आकड्याला सक्सेसर नसतो, हे उत्तर वेगळी तपासणी न करता आपोआप येते.

या कृतीत आकड्यांची तुलना एकदाही होत नाही, ही तिची सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. `x == y.right` ही विचारणा नोडच्या जागेची आहे, किमतीची नाही. म्हणून एकच आकडा दोन नोडमध्ये असला तरी ही रीत अडत नाही.

पॅरेंट पॉइंटर नसतील तर वर चढण्याची वाटच नसते. तेव्हा रूटपासून खाली उतरत यावे लागते आणि रस्त्यात डावीकडे शेवटचे वळण कुठे घेतले ते लक्षात ठेवावे लागते. वाट तीच, फक्त वरून चाललेली: खालून चढताना जे पहिले डावे वळण भेटते, तेच वरून उतरताना शेवटचे असते.

```
successor(root, x):
  ans = null
  p = root
  while p != null:
    if x.key < p.key:
      ans = p
      p = p.left
    else:
      p = p.right
  return ans
```

४८ साठी ५० वर डावे वळण येते, म्हणून `ans` मध्ये ५० बसतो. नंतर ३०, ४० आणि ४५ वर तिन्ही वळणे उजवी, `ans` तसाच. खुद्द ४८ वर आल्यावरही वळण उजवे, आणि पुढे काही नाही. उत्तर ५०. ३० साठी ५० उमेदवार होतो. ३० वर पोचल्यावर बरोबरी होते म्हणून उजवे वळण, मग ४० उमेदवार, मग ३५. उजवे अपत्य असलेल्या नोडचा वेगळा विचार इथे करावाच लागत नाही. पुस्तकांत बहुधा दोन शाखा दिलेल्या असतात. ही एक शाखेची मांडणी अधिक साधी आणि चुकायला अवघड. तिचा आणखी एक फायदा म्हणजे ४६ सारखा ट्रीत नसलेला आकडा दिला तरी त्याहून मोठा पहिला आकडा, ४८, मिळतो.

ही रीत पूर्णपणे तुलनेवर उभी आहे, म्हणून तिची मर्यादाही तुलनेचीच. ट्रीत ४० दोनदा असेल तर पहिल्या ४० चा सक्सेसर दुसरा ४० असायला हवा. `<` ही तुलना मात्र दोघांनाही ओलांडून ४५ वर नेते.

एका शोधाचा खर्च दोन्ही रीतींत ट्रीच्या उंचीइतकाच. फरक पडतो तो सर्वांत लहान नोडपासून एकेक सक्सेसर घेत पूर्ण ट्री चालताना. पॅरेंट पॉइंटर असतील तर प्रत्येक दुव्यावरून फार तर एकदा खाली आणि एकदा वर जाणे होते, म्हणजे n नोडसाठी 2(n−1) पेक्षा जास्त पावले पडत नाहीत. दर वेळी रूटपासून सुरुवात केली तर उजवीकडे झुकलेल्या १,००० नोडच्या साखळीत सुमारे ५ लाख नोड पाहावे लागतात. जावाचा `TreeMap` आणि लिनक्स कर्नलचे रेड-ब्लॅक ट्री पॅरेंटचा पत्ता ठेवतात. लिनक्समध्ये तर तो आणि नोडचा रंग एकाच शब्दात कोंबलेला असतो.

पण ठेवलेला पत्ता दर बदलाबरोबर सांभाळावा लागतो. वरच्या ट्रीत ३० भोवती डावे रोटेशन केले की ४० वर येतो, ३० त्याचे डावे अपत्य होतो आणि ३५ हा ३० च्या उजवीकडे जातो. इथे ३०, ३५ आणि ४० या तिघांचे पॅरेंट बदलतात. ३५ चा पॅरेंट चुकून ४० च राहिला, तर चढण ४० पाशी येते. ३५ आता त्याचे उजवे अपत्य नाही, म्हणून उत्तर ४० येते. योगायोगाने ते बरोबरच असते आणि चूक लपून राहते. ४० चा पॅरेंट ३० च राहिला, तर ४८ पासूनची चढण ४५, ४० करत ३० वर येते. ३० चे उजवे अपत्य आता ३५ आहे, म्हणून लूप थांबते आणि ४८ चा सक्सेसर म्हणून ३० परत येतो. मग ३५, ४०, ४५, ४८, पुन्हा ३०: फेरा संपतच नाही. वरून उतरणाऱ्या रीतीला याच ट्रीत ५० बरोबर मिळतो, कारण ती पॅरेंटचा पत्ता पाहतच नाही.

त्यामुळे तपासणीही यावरच बेतता येते. किमती वेगवेगळ्या असतील तर पूर्ण चालीत प्रत्येक आकडा आधीच्याहून मोठा असावा आणि एकूण n नोड मिळून चाल थांबावी. ज्या नोडनंतर आकडा उलटा फिरला, त्याच नोडचा सक्सेसर दोन्ही रीतींनी काढावा. उत्तरे जुळली नाहीत, तर आधी त्या नोडपासून वर जाणाऱ्या वाटेवरचा प्रत्येक पॅरेंट पॉइंटर पाहावा: पॅरेंटच्या दोन अपत्यांपैकी एक तोच नोड आहे का. हीच विचारणा सगळ्या नोडना केली, तर ३५ ची लपलेली चूकही सापडते.