ऑफर लेटर आले, पण कंपनी आहे कुठे?

कोरोनाच्या काळात लंडनमधल्या ‘मॅडबर्ड’ नावाच्या डिझाइन एजन्सीने पन्नासहून अधिक लोकांना कामावर घेतले. सगळे घरूनच काम करत आणि मीटिंग झूमवर होत. एका डिझायनर तरुणीला तिथे लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते. टाळेबंदी संपल्यावर ऑफिसला पोहोचायला किती वेळ लागेल ते पाहावे, एवढ्याच हेतूने तिने कंपनीचा पत्ता नकाशावर शोधला. स्ट्रीट व्ह्यूमध्ये तिला दिसली ती केन्सिंग्टन भागातली फ्लॅटची इमारत. त्या इमारतीतले फ्लॅट विकणाऱ्या एजंटला विचारल्यावर कळले, की तिथे फक्त लोक राहतात, कोणतेही ऑफिस नाही. पुढे शोध घेतला तेव्हा कंपनीतले किमान सहा वरिष्ठ अधिकारी अस्तित्वातच नसल्याचे निघाले. त्यांचे फोटो भलत्याच माणसांचे होते. बीबीसीने फेब्रुवारी २०२२ मध्ये हे प्रकरण जगापुढे आणले. पहिले सहा महिने फक्त कमिशनवर, त्यानंतर पगार, अशा बोलीवर अनेक जण राबले होते.

या प्रकरणात लक्षात राहण्यासारखी गोष्ट ही, की पत्ता पहिल्या दिवसापासून सगळ्यांसमोर होता. तो तपासायला कोणाला पोलीस व्हावे लागणार नव्हते.

आपल्याकडे ऑफर लेटर बहुधा व्हॉट्सअॅपवर पीडीएफ होऊन येते. वर लोगो, खाली गोल शिक्का, मध्ये पगाराचा आकडा आणि शेवटी ‘लॅपटॉपसाठी परत मिळणारे डिपॉझिट’. समजा, नांदेडच्या एका बी.कॉम. झालेल्या मुलीला पुण्याच्या एका कंपनीचे असे पत्र आले. ‘२०१२ पासून सेवेत’, ‘पाचशे कर्मचारी’ असे त्यावर लिहिले आहे आणि कंपनीचे नाव तिने कधी ऐकलेले नाही. घरबसल्या तासाभरात तिला तीन गोष्टी पाहता येतील: सरकारदरबारची नोंद, वेबसाइटचे वय आणि ऑफिसची जागा. या तिन्ही गोष्टी सुट्या पाहून भागत नाही. त्या एकमेकींशी जुळतात का, हा खरा प्रश्न असतो.

सुरुवात नोंदीपासून. भारतातली प्रत्येक कंपनी केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदलेली असते आणि तिला २१ अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो. त्याला सीआयएन म्हणतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ प्रमाणे कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि हा क्रमांक तिच्या लेटरहेडवर छापणे बंधनकारक आहे. म्हणजे स्वतःला ‘प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणवणाऱ्या कंपनीच्या ऑफर लेटरवर सीआयएन नसेल, तर पहिली शंका तिथेच घ्यावी.

हा क्रमांक वाचता येतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा क्रमांक पाहा:

```
L22210MH1995PLC084781
```

पहिले L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. नोंदलेली नसेल तर तिथे U येते. पुढचे पाच आकडे व्यवसायाचा प्रकार सांगतात. MH म्हणजे महाराष्ट्र, १९९५ हे स्थापनेचे वर्ष आणि PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड. प्रायव्हेट कंपनीसाठी तिथे PTC असते. शेवटचे सहा आकडे नोंदणी क्रमांकाचे. नांदेडच्या मुलीच्या पत्रावरच्या क्रमांकात वर्षाच्या जागी २०२४ असेल, तर ‘२०१२ पासून सेवेत’ हे वाक्य कंपनीच्याच क्रमांकाने खोटे पाडले. एखादी जुनी भागीदारी पेढी पुढे कंपनी झाली असेही असू शकते, पण मग त्यांनी तसे सांगायला हवे आणि जुने पुरावे दाखवायला हवेत.

क्रमांक mca.gov.in या संकेतस्थळावर कंपनीच्या ‘मास्टर डेटा’मध्ये टाकला, की नाव, स्थापनेची तारीख, नोंदणीकृत पत्ता, भागभांडवल, शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आणि कंपनीची स्थिती दिसते. स्थितीच्या रकान्यात Active हवे. Strike Off असेल तर ती कंपनी नोंदवहीतून काढून टाकलेली आहे. वर्षानुवर्षे हिशेब न भरणाऱ्या दोन लाखांहून अधिक कंपन्या २०१७ च्या मोहिमेत अशा काढल्या गेल्या, त्यामुळे ‘कधीकाळी नोंदलेली’ आणि ‘आज चालू’ यांत मोठे अंतर आहे. शेवटचा ताळेबंद चार-पाच वर्षांपूर्वीचा असेल, तर पाचशे माणसांचा पगार कुठल्या हिशेबात बसतो, असे विचारायला हरकत नाही. आणखी खोलात जायचे असेल, तर ठरावीक शंभर रुपये भरून कंपनीने दाखल केलेली कागदपत्रे पाहता येतात. नफा-तोटा पत्रकात कर्मचाऱ्यांवरच्या खर्चाचा रकाना असतो. तो जवळपास रिकामा असेल, तर पाचशेचा आकडा हवेतला आहे.

पत्र पाठवणारा कंपनी नसून एकट्याची फर्म असेल, तर तो या नोंदवहीत सापडणार नाही आणि त्यात गैर काही नाही. अशा वेळी जीएसटीच्या संकेतस्थळावर त्याच्या १५ अंकी जीएसटी क्रमांकावरून नाव, नोंदणीची तारीख आणि व्यवसायाचा पत्ता पाहता येतो. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. ईपीएफओच्या ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’मध्ये नाव टाकले, की त्या आस्थापनेने कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा निधी भरला ते दिसते. ‘पाचशे कर्मचारी’ म्हणणाऱ्याचा निधी सात जणांचा भरलेला असेल, तर पुढे काही विचारायची गरज उरत नाही.

मात्र या नोंदवहीची एक मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. ती कंपनी आहे की नाही एवढेच सांगते. पत्र त्याच कंपनीने पाठवले का, हे सांगत नाही. भामटे अनेकदा खऱ्या आणि नामांकित कंपनीचे नाव, तिचा खरा सीआयएन, तिचा खरा पत्ता उचलून पत्र तयार करतात. मग मास्टर डेटामध्ये सगळे बिनचूक सापडते आणि माणूस निर्धास्त होतो. टीसीएससारख्या कंपन्यांनी म्हणूनच आपल्या करिअरच्या पानावर ठळक सूचना दिली आहे, की आम्ही जीमेलसारख्या पत्त्यावरून ऑफर पाठवत नाही आणि नोकरीसाठी पैसे घेत नाही.

अशा वेळी दुसरी तपासणी उपयोगी पडते. ईमेलमध्ये @ नंतर काय आहे ते पाहायचे आणि ते शेवटाकडून वाचायचे. careers.tcs.com या पत्त्याचा मालक tcs.com चाच असतो, कारण .com च्या पत्त्यात शेवटचे दोन शब्द मालकी ठरवतात. tcs-careers.com मात्र, दिसायला सारखे असले तरी, कोणीही विकत घेऊ शकेल असे वेगळे नाव आहे. मग त्या नावाचे वय पाहायचे. .com साठी lookup.icann.org आणि .in साठी registry.in इथे नाव टाकले, की नोंदणीच्या तारखा येतात. बनावट साइटचा तपशील साधारण असा दिसतो:

```
Creation Date: 2025-05-19
Registry Expiry Date: 2026-05-19
```

साइट जेमतेम काही आठवड्यांची, नोंदणी एकाच वर्षाची आणि मजकुरात मात्र ‘बारा वर्षांचा अनुभव’. मालकाचे नाव हल्ली बहुतेक वेळा झाकलेले असते. ते संशयाचे कारण मानू नये, कारण प्रामाणिक लोकही खासगीपणासाठी ते झाकतात. तारीख मात्र झाकता येत नाही.

जुनी तारीख दिसली म्हणून लगेच विश्वासही टाकू नये. जुने डोमेन विकत मिळते आणि त्याबरोबर त्याचे वयही मिळते. त्यासाठी web.archive.org वर तोच पत्ता टाकून पूर्वीची पाने पाहावीत. तीन वर्षांपूर्वी त्याच पत्त्यावर साड्यांचे दुकान असेल आणि मध्ये दोन वर्षे काहीच नसेल, तर आजच्या सॉफ्टवेअर कंपनीचा त्या वयाशी संबंध नाही. उलट, चार महिन्यांपूर्वी नोंदलेली कंपनी, तीन महिन्यांची साइट आणि ‘आम्ही नवीन आहोत’ असे सरळ सांगणारा मालक, यात काहीच विसंगत नाही. कंपनी नवी असणे हा दोष नाही, वय चोरणे हा आहे.

राहिला पत्ता. नोंदणीकृत पत्ता अनेकदा संचालकाच्या घराचा, सीएच्या ऑफिसचा किंवा भाड्याने मिळणाऱ्या ‘व्हर्च्युअल ऑफिस’चा असतो. कायद्याला ते चालते. म्हणून उमेदवाराने विचारायचे ते एवढेच: ‘मी बसणार कुठे?’ आणि मिळालेला पत्ता नकाशावर उघडायचा. भारतात २०२२ साली स्ट्रीट व्ह्यू परत आला तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही होती. त्यामुळे इमारत निदान निवासी आहे की व्यापारी, हे बसल्या जागी कळते. चित्र जुने असू शकते, म्हणून निकाल त्यावर देऊ नये.

निकाल देतो तो प्रत्यक्ष दरवाजा. कलम १२ नुसार कंपनीने जिथे जिथे धंदा चालतो तिथे बाहेर नाव आणि नोंदणीकृत पत्ता सहज वाचता येईल असा लावायचा असतो आणि तो स्थानिक भाषेच्या लिपीतही हवा. पुण्यात कोणाचा ना कोणाचा मावसभाऊ, मैत्रीण असतेच. तिला कामाच्या दिवशी दुपारी पाठवावे. खालच्या पाट्यांत नाव आहे का, वॉचमनला ती कंपनी माहीत आहे का, शेजारचे ऑफिस त्यांना किती दिवसांपासून पाहते आहे, हे तिने विचारावे. एका दिवसासाठी भाड्याने घेतलेल्या केबिनमध्ये मुलाखत घेता येते, रिसेप्शनवर कागदी पाटीही ठेवता येते; पण वॉचमनची ओळख आणि खालच्या बोर्डावरची पाटी एका दिवसात तयार होत नाही. जाणे शक्यच नसेल तर फोन करावा, पण पत्रावरच्या नंबरवर नव्हे. कंपनीच्या मूळ साइटवरचा नंबर लावून, या नावाच्या माणसाने हे पत्र पाठवले आहे का, असे विचारावे.

आता नांदेडच्या पत्राकडे परत. सीआयएनमध्ये २०२४, साइट दोन महिन्यांची, पुण्याच्या पत्त्यावर को-वर्किंगची जागा आणि तिथल्या रिसेप्शनला हे नाव अनोळखी. यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर प्रत्येकीला काही ना काही उत्तर देता येते. चारही एकत्र ठेवल्या, की ‘२०१२ पासून पाचशे कर्मचारी’ या दाव्याला उभे राहायला जागाच उरत नाही.

डिपॉझिटचे पैसे हे सगळे जुळेपर्यंत देऊ नयेत, आणि जुळले तरी नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नयेत. कोणी आधीच दिले असतील, तर लाज न बाळगता लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. पैसे भामट्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी कळवले, तरच ते गोठवता येण्याची शक्यता राहते.