जोड एक किलोचा, कपात दीड किलोची

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशीच पायताणं दाखवली आणि कापशी, पुकारी ही नावं ज्यांनी कधी ऐकली नव्हती तेही त्यावर बोलू लागले. चपलेवर खूप लिहून झालं. ती ज्या खोक्यातून परगावी जाते त्या खोक्याच्या लांबी-रुंदीवर मात्र कुणी लिहीत नाही, आणि ऑनलाइन विकणाऱ्याचा नफा बऱ्याचदा तिथेच गळतो.

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत गिऱ्हाईक समोर उभं असतं, पैसे थेट गल्ल्यात पडतात. मार्केटप्लेसवर पैसे आधी कंपनीकडे जातात. ती आपलं कमिशन, ठरावीक शुल्क आणि वाहतूक खर्च कापून घेते आणि उरलेली रक्कम काही दिवसांनी बँकेत टाकते. तिथे आलेल्या एका आकड्यावरून काहीच कळत नाही. सेलर पॅनलमधून सेटलमेंटची शीट उतरवली, तर प्रत्येक ऑर्डरसमोर प्रत्येक कपात वेगळी दिसते.

शीटमधल्या दोन ओळींवर भांडू नये. एक जीएसटीचा टीसीएस, निव्वळ करपात्र विक्रीवर अर्धा टक्का. दुसरी आयकराचा टीडीएस, ०.१ टक्का. १,२६० रुपयांच्या जोडात ५ टक्के जीएसटी धरला तर मूळ किंमत १,२०० रुपये होते. तिच्यावर टीसीएस सहा रुपये आणि टीडीएस साधारण सव्वा रुपया. हे पैसे कंपनीच्या खिशात जात नाहीत. पहिले जीएसटी पोर्टलवर तुमच्या खात्यात जमा होतात, दुसरे आयकर विवरणपत्रात वळते होतात. तक्रारीत यांचा उल्लेख आला, की वाचणाऱ्याला उत्तर द्यायला सोपा मुद्दा मिळतो आणि खरा मुद्दा बाजूला पडतो.

खरा मुद्दा बहुतेक वेळा वजनाचा असतो. कुरिअरवाले दोन वजनं पाहतात. एक काट्यावरचं. दुसरं आकारावरून काढलेलं: खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५,००० ने भागायचं, येईल ते किलो. दोन्हींत जे जास्त त्यावर पैसे लागतात, आणि तेही टप्प्याने, बहुधा अर्ध्या किलोच्या.

एक हिशेब मांडू. आकडे कल्पित आहेत, घडतं मात्र असंच. चपलेचा जोड खोक्यासह ८५० ग्रॅम. खोका ३० × १५ × १० सेंटिमीटर. गुणाकार ४,५००, भागाकार ०.९ किलो. म्हणजे एक किलोचा टप्पा, वाहतूक ७८ रुपये. गोदामातल्या यंत्राने रुंदी १५ ऐवजी २५ धरली. गुणाकार ७,५००, वजन दीड किलो, वाहतूक ११२ रुपये. फरक ३४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६.१२, एकूण ४०.१२ रुपये. एका जोडासाठी कोण भांडत बसतं? पण चुकीचं माप त्या वस्तूच्या कोडला चिकटतं, आणि पुढची प्रत्येक ऑर्डर त्याच मापाने मोजली जाते. पंचवीस दिवसांत ४६ जोड गेले तर १,८४५.५२ रुपये झाले.

तक्रार लिहिण्याआधी मात्र चूक नक्की कुणाची ते तपासावं. खोक्याऐवजी पिशवीत भरलेला जोड अंगठ्याकडे फुगतो, आणि यंत्र त्या फुगवट्याचंच माप घेतं. खोक्यावर जादा पुठ्ठा किंवा बबलचं वेष्टण गुंडाळलं असेल तर तेही मोजलं जातं. अशा वेळी कपात बरोबर असते आणि पॅकिंग बदलणं हाच उपाय. पण वस्तू तीच, खोका तोच, आणि एका तारखेपासून टप्पा अचानक चढला असेल, तर चूक बहुधा मापाची आहे. जुन्या आणि नव्या ऑर्डरी शीटमध्ये शेजारी ठेवल्या की ती तारीख सापडते. तक्रारीतला सगळ्यात भक्कम पुरावा तोच.

आता ईमेल. सपोर्टकडे रोज ढीगभर तक्रारी येतात, म्हणून पहिल्या चार ओळींत काय कापलं, किती कापायला हवं होतं आणि मागणी काय, एवढं कळलं पाहिजे. संताप, सणाचे दिवस, कारागिरांची मजुरी हे सगळं खरं असलं तरी इथे कामाचं नाही. भाषा सपोर्टला चालेल ती घ्या, क्रम हाच ठेवा.

विषय: वाहतूक शुल्काची चुकीची आकारणी, ४६ ऑर्डरी, रु. १,८४५.५२ परत मिळणेबाबत

महोदय,
आमच्या खात्यातील चप्पल, वस्तू कोड केपी-०८, हिच्या ४६ ऑर्डरींवर १ ते २५ ऑक्टोबर या काळात १.५ किलोच्या टप्प्याने वाहतूक शुल्क कापले आहे. योग्य टप्पा १ किलो आहे.
नमुना ऑर्डर: क्र. ४०७१-५५२८, रवाना ३ ऑक्टोबर, पोहोच ७ ऑक्टोबर. कापलेले शुल्क रु. ११२, योग्य शुल्क रु. ७८. जीएसटीसह फरक रु. ४०.१२.
खोक्याचे माप ३० × १५ × १० सें.मी., आकारमानाचे वजन ०.९ किलो, काट्यावरचे वजन ८५० ग्रॅम. ३० सप्टेंबरपर्यंत याच वस्तूवर, याच खोक्यात, १ किलोचा टप्पा लागत होता. त्या काळातील ऑर्डरीही यादीत आहेत.
मागणी: १) रु. १,८४५.५२ परत द्यावेत व शुल्काच्या बिलाची क्रेडिट नोट द्यावी. २) वस्तूचे माप पुन्हा घेऊन नोंद दुरुस्त करावी. ३) मागणी नाकारल्यास तुमच्याकडील मापाचा फोटो व तारीख कळवावी.
सोबत: ४६ ऑर्डरींची यादी, चार फोटो.

दुसरी मागणी विसरली तर पैसे परत येतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढेच कापले जातात. क्रेडिट नोट हवी, कारण शुल्कावरच्या जीएसटीचं क्रेडिट तुम्ही घेतलेलं असतं आणि परतावा आल्यावर ते जुळवावं लागतं. तिसऱ्या मागणीने "आम्ही तपासलं, कपात योग्य आहे" हे छापील उत्तर टाळता येतं, निदान पुढच्या पायरीला त्याचा उपयोग होतो.

चार फोटोंपैकी तीन फोटोंत मोजटेप एकेका बाजूला लावलेली आणि आकडा वाचता येईल अशी हवी. चौथ्यात खोका काट्यावर. चारही फोटोंत पार्सलचं लेबल दिसलं पाहिजे, नाहीतर तो खोका कुठल्या ऑर्डरचा हे सिद्ध होत नाही. हे फोटो माल देण्याआधीच काढायचे असतात. वजनाच्या तक्रारीला मुदत असते, ती प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि ती उलटली की पुराव्याकडे कुणी बघत नाही.

पेमेंटच अडलं असेल तर ईमेल वेगळा लिहावा. तिथे आधी कारण विचारायचं: बँक खात्यावरचं नाव जीएसटी नोंदणीशी जुळत नाही, परतीची मुदत संपलेली नाही, परत आलेल्या मालामुळे शिल्लक उणे झाली आहे, की खात्याची तपासणी चालू आहे? पहिलं कारण कागद देऊन सुटतं. दुसऱ्यात थांबणं भाग असतं. तिसऱ्यात परतीची यादी मागून एकेक नोंद ताडून पाहायची. चौथ्यात कोणते कागद हवेत आणि निर्णय कधी, हे लेखी मागायचं. कुठली रक्कम, कुठल्या तारखेची सेटलमेंट, हे दोन्ही लिहिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

उत्तर आलं नाही म्हणून रोज नवं तिकीट काढू नये. जुनी तिकिटं त्यात मिसळून बंद केली जातात. त्याच तिकिटावर उत्तर द्यावं आणि मग त्याचा क्रमांक घालून तक्रार अधिकाऱ्याकडे जावं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रार अधिकारी नेमणं सक्तीचं केलं, ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण अशी मुदत घातली. पण ती मुदत ग्राहकाच्या तक्रारीला आहे. विक्रेत्याने तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. लघुउद्योगांच्या थकीत पैशांसाठी सरकारी पोर्टल आहे, तेही माल विकत घेणाऱ्याविरुद्ध. मार्केटप्लेस तुमचा माल विकत घेत नाही, तो विकून देते, त्यामुळे तिथे दाद लागणं अवघड. शिवाय बऱ्याच करारांत लवादाची आणि दूरच्या शहरातल्या न्यायालयाची अट असते. दोन हजारांसाठी कोल्हापुराहून तिकडे कोण जाणार? म्हणून लहान विक्रेत्याचं बहुतेक भांडण या एका ईमेलवरच सुटतं किंवा अडतं.

दिवाळीनंतरची पहिली सेटलमेंट शीट आली की त्यातली एक ऑर्डर घ्या, खोका मोजा आणि सगळ्या कपातींची बेरीज हाताने करून बघा.