चुकीचा पत्ता शोधण्याचा खेळ

मुंबई उपनगरांतील वाकोला येथे, इयत्ता तिसरीच्या एका वर्गात, प्रस्तुत लेखकास एक मुलगी आढळली. तिची वही वर्गात सर्वांत नीटनेटकी होती. फळ्यावर ४०२ − १७८ ही वजाबाकी लिहिली गेली तेव्हा तिने उत्तराचा पहिला अंक तीनदा लिहिला व तीनदा खोडला. कागद फाटला, मग तिने ती जागा कोरीच ठेवली. तिला वजाबाकी येत नव्हती असे नव्हे. चुकलेले उत्तर आपल्या वहीत दिसेल, हीच तिची भीती होती.

अशी मुले आपल्या गावच्या शाळेतही असतात. ती प्रत्येक पायरीस "गुरुजी, बरोबर आहे ना?" असे विचारतात आणि दहापैकी नऊ उत्तरे बरोबर आली तरी रडतात. बहुधा ती "हुशार" म्हणून नावाजलेली असतात. या नावाजण्याचा परिणाम क्लॉडिया म्युलर व कॅरल ड्वेक या संशोधिकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तपासला. अमेरिकेतील पाचवीच्या मुलांनी सोपी कोडी सोडविल्यावर काहींच्या बुद्धीची, तर काहींच्या मेहनतीची स्तुती करण्यात आली. नंतर सर्वांना अवघड कोडी दिली व शेवटी पुन्हा पहिल्याइतकीच सोपी. बुद्धीची स्तुती झालेल्या मुलांची कामगिरी शेवटी पहिल्यापेक्षा घसरली, तर मेहनतीची स्तुती झालेल्यांची सुधारली. हुशारी हीच आपली ओळख ठरली की प्रत्येक चूक त्या ओळखीवर घाला वाटते.

ही भीती केवळ उपदेशाने जात नाही. चूक उपयोगी पडते याचा अनुभव मुलाला आला पाहिजे. त्यासाठी पुढील खेळ वीस-पंचवीस मिनिटांत घेता येतो.

प्रत्येक मुलास कागदाची एक चिठ्ठी द्यावी. तीवर नाव लिहावयाचे नाही व खोडरबर वापरावयाचे नाही. चुकले असे वाटल्यास एक आडवी रेघ मारून खाली पुन्हा लिहावे. सर्वांनी एकच उदाहरण सोडवावे. शिक्षकाने चिठ्ठ्या गोळा करून, विचार बराचसा बरोबर पण उत्तर चुकलेले अशी एक चिठ्ठी निवडावी आणि ती स्वतःच्या अक्षरात फळ्यावर उतरवावी, म्हणजे ती कोणाची हे कळणार नाही. मग प्रथम "यात बरोबर काय आहे?" असे विचारावे आणि त्यानंतरच "चूक कोठे राहते? तिचा पत्ता शोधा," असे सांगावे.

वाकोल्याच्या वर्गात एका चिठ्ठीवर उत्तर होते ३२४. पडताळा म्हणून त्यात १७८ मिळविले तेव्हा ५०२ आले; म्हणजे नेमके १०० जास्त. तेव्हा पत्ता शतकाच्या घरी होता. काड्यांचे गठ्ठे मांडताच कारणही उलगडले. दशकाच्या जागी शून्य होते. मुलाने तेथे १० दशक मानले, त्यातील एक सुटे करून एककाकडे दिले व ९ उरविले, हे सर्व योग्यच होते. परंतु ते १० दशक ज्या शतकाच्या गठ्ठ्यातून यावयाचे, तो त्याने सोडलाच नव्हता. ४ चे ३ झाले नव्हते. ते होताच उत्तर २२४ आले.

दुसऱ्या एका चिठ्ठीवर ३७६ होते. तेथे प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. ही चूक निराळी असल्याने तिचा उपायही निराळा: २ काड्यांतून ८ काड्या प्रत्यक्ष काढावयास सांगणे. दोन्ही उत्तरांवर केवळ फुली मारली असती, तर हा भेद दिसला नसता.

यानंतर ५०३ − २६७ हे उदाहरण सर्वांना द्यावे. ही पायरी वगळू नये. सापडलेली चूक येथेच कामी येते. त्या मुलीने या वेळी चिठ्ठी कोरी ठेवली नाही. तिने ३३६ लिहिले, पडताळा घेतला, रेघ मारली व खाली २३६ लिहिले. ती रेघ पाहून आम्हांस अधिक समाधान वाटले.

तीन गोष्टींनी हा खेळ बिघडतो. चिठ्ठीचा धनी ओळखला गेला व वर्ग हसला, तर भीती वाढते. चुकीचीच वाहवा केली, तर मुले मुद्दाम चुकू लागतात. म्हणून वाहवा पत्ता शोधण्याची करावी. आणि या चिठ्ठ्यांना गुण दिले, तर कोऱ्या चिठ्ठ्या पुन्हा येऊ लागतात.

खेळाची मर्यादाही ध्यानी घ्यावी. चुकांविषयीची दृष्टी बदलण्यासाठी इंग्लंडमधील शाळांत घेतलेल्या पाठांची मोठी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत त्या मुलांची वाचन वा गणितात इतरांहून अधिक प्रगती दिसली नाही. दृष्टी बदलणे हे विषय शिकविण्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून हा खेळ वेगळ्या तासाला न घेता चालू धड्यातच घ्यावा, आणि काड्यांचे गठ्ठे नेहमी हाताशी ठेवावेत.