पहिला हप्ता वेगळा का येतो?

घरासाठी तीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. मंजुरीपत्रावर महिन्याचा हप्ता लिहिलेला असतो २६,०३५ रुपये. घरखर्चाचे गणित त्या आकड्यावर बसवले जाते आणि मग पहिल्याच वेळी खात्यातून ३७,९१२ रुपये जातात. शेजारच्या माणसाने दुसऱ्या बँकेतून अगदी असेच कर्ज घेतलेले असते, त्याच्या खात्यातून पहिल्यांदा जातात ११,८७७. तिसऱ्याचा हप्ता बरोबर २६,०३५ चाच येतो, पण कर्जाची रक्कम हातात पडताना तीस लाखांना अकरा-बारा हजार कमी भरते. तिघांनाही बँकेकडून एकच उत्तर मिळते: ब्रोकन पीरियड इंटरेस्ट.

बहुतेकांना हे एखादे छुपे शुल्क वाटते. ते शुल्क नाही, ते व्याजच आहे. पण ते किती दिवसांचे लावले, कोणत्या तारखेपासून लावले आणि कसे वसूल केले, हे पाहिले नाही तर त्यात चूक राहू शकते. आकडेमोड शाळकरी आहे, त्यामुळे ही तपासणी कोणालाही घरी करता येते.

हप्त्याचे सूत्र आणि कॅलेंडर

समान मासिक हप्त्याचे सूत्र एक गोष्ट गृहीत धरते: पैसे मिळाल्यापासून पहिला हप्ता बरोबर एक महिन्याने, आणि त्यानंतरचा प्रत्येक हप्ता पुन्हा एकेका महिन्याने. तीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज होते २१,२५० रुपये. २६,०३५ च्या पहिल्या हप्त्यातून ते वजा केले की ४,७८५ रुपये मुदलात जमा होतात. पुढच्या महिन्यात मुद्दल तेवढे कमी, म्हणून व्याज थोडे कमी आणि मुदलाचा वाटा थोडा जास्त. असे २४० हप्ते भरले की कर्ज शून्यावर येते.

प्रत्यक्षात कर्ज महिन्याच्या कोणत्याही दिवशी मिळते. आपल्या उदाहरणात ते १८ जूनला मिळाले असे समजू. बँका मात्र हप्त्याच्या तारखा ठरावीक ठेवतात, कोणी ५, कोणी १०. पगार जमा झाल्यावर लगेच वसुली व्हावी आणि हजारो खात्यांचे आदेश ‘नॅच’ यंत्रणेतून एकत्र पाठवता यावेत, हे त्यामागचे कारण. या कर्जाची तारीख ५ असेल तर १८ जून ते ५ जुलै हा तुकडा पूर्ण महिन्याचा नाही. सूत्रात त्याला जागाच नाही. पैसे तर त्या दिवसांतही आपल्याकडे होते, म्हणून त्याचे व्याज वेगळे काढावे लागते. महिन्याच्या मध्यात भाड्याच्या घरात राहायला आलेला माणूस त्या महिन्याचे भाडे दिवसांच्या हिशेबाने देतो, तसेच हे.

हिशेब असा. तीस लाखांचे साडेआठ टक्क्यांनी वर्षाचे व्याज २,५५,००० रुपये. त्याला ३६५ ने भागले की एका दिवसाचे ६९८ रुपये ६३ पैसे. १८ जूनपासून महिनाअखेरपर्यंत १३ दिवस आणि जुलैचे पहिले ४, एकूण १७. पैसे मिळाल्याचा दिवस मोजला की हप्त्याचा दिवस मोजायचा नाही, कारण ५ तारखेपासून पुढचा महिना सुरू होतो. ६९८.६३ गुणिले १७ म्हणजे ११,८७७ रुपये.

वसुलीच्या चार वाटा

हे ११,८७७ रुपये बँक कसे घेते, यावर पहिल्या हप्त्याचा आकार ठरतो.

पहिली वाट म्हणजे रक्कम देतानाच ते कापून घेणे. हातात २९,८८,१२३ येतात आणि ५ ऑगस्टपासून नेहमीचा हप्ता सुरू होतो. अडचण येते ती घर विकणाऱ्याला पूर्ण तीस लाख द्यायचे असतात तेव्हा. नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बारा हजारांची धावाधाव नको असेल, तर बँक किती कापणार हे आधीच विचारून ठेवलेले बरे.

दुसरी वाट म्हणजे ५ जुलैला फक्त ११,८७७ घेणे आणि ५ ऑगस्टपासून पूर्ण हप्ता सुरू करणे. समजायला हीच सर्वांत सोपी. तिसऱ्या वाटेत जुलैमध्ये काहीच घेत नाहीत. ५ ऑगस्टला हप्ता आणि तुटक दिवसांचे व्याज एकत्र जाते, २६,०३५ अधिक ११,८७७ म्हणजे ३७,९१२. या तिन्ही वाटांत कर्जदाराने दिलेले व्याज तेवढेच, फक्त ते देण्याची वेळ वेगळी.

चौथ्या वाटेत ५ जुलैलाच पूर्ण २६,०३५ चा हप्ता घेतात. व्याज ११,८७७ च झालेले असते, म्हणून उरलेले १४,१५८ रुपये थेट मुदलात जातात. सूत्राने पहिल्या हप्त्यातून ४,७८५ च फिटतील असे धरले होते, म्हणजे ९,३७३ रुपये जास्त फिटले. व्याजदर तोच राहिला असे धरले तर वीस वर्षांच्या शेवटी याचा परिणाम दिसतो: २४० वा हप्ता पडतच नाही आणि २३९ वा साधारण चौदाशे रुपयांचा उरतो. इथे बँकेने सूट दिलेली नसते, आपण मुद्दल लवकर फेडलेले असते. पण ते तसे दिसायला हवे. पहिल्या हप्त्यानंतर मुद्दल २९,८५,८४२ वर आले का, हे खात्याच्या उताऱ्यात पाहावे.

काही बँका रोजच्या शिलकीवर व्याज काढून महिनाअखेरीस ते कर्जखात्यात नावे टाकतात. तिथे ब्रोकन पीरियड इंटरेस्ट अशी वेगळी ओळ दिसत नाही. ३० जूनला तेरा दिवसांचे व्याज लागलेले दिसते, तोच हा तुकडा.

जेव्हा ते मुदलात मिसळते

या चारही वाटांत तुटक दिवसांचे व्याज वेळेवर फिटते. त्रास होतो तो ते न घेता मुदलात मिसळले जाते तेव्हा. समजा, जुलैमध्ये काहीही घेतले नाही आणि ५ ऑगस्टला नेहमीचे २६,०३५ च घेतले. तोवर व्याज झालेले असते ११,८७७ अधिक २१,२५०, म्हणजे ३३,१२७. हप्ता व्याजालाच पुरत नाही आणि राहिलेले ७,०९२ रुपये मुदलात चढतात. पहिला हप्ता भरल्यावर कर्ज कमी व्हायचे, ते ३०,०७,०९२ होते.

कर्जदाराला सुरुवातीला हे सोयीचे वाटते, कारण पहिला हप्ता ठरल्याप्रमाणेच आला. पण या ११,८७७ वर पुढे वीस वर्षे व्याजावर व्याज चढत राहते. दर आणि हप्ता तोच ठेवला तर २४० हप्ते भरूनही सुमारे ६४,००० रुपये बाकी राहतात, म्हणजे जवळपास अडीच हप्ते. म्हणून पहिल्या हप्त्यानंतरची शिल्लक पाहणे महत्त्वाचे. या उदाहरणात तुटक दिवसांचे व्याज वेगळे फिटले असेल तर ५ ऑगस्टनंतर मुद्दल २९,९५,२१५ च्या आसपास हवे. बँक महिन्याऐवजी दिवस मोजत असेल तर एकतीस दिवसांच्या महिन्यामुळे चारेकशे रुपयांचा फरक पडेल, तो चुकीचा नाही. आकडा तीस लाखांच्या वर दिसला तर मात्र व्याज मुदलात मिसळले आहे. तसे असेल तर बँकेला विचारून तेवढी रक्कम लगेच भरून टाकावी. वेगळे व्याज भरूनही शिल्लक तीस लाखांच्या वर असेल तर ते दोनदा लागलेले असते, आणि त्याची तक्रारच करायला हवी.

दिवस कुठून मोजले?

सर्वाधिक वाद होतात ते सुरुवातीच्या तारखेवरून. बँकेने १८ जूनच्या तारखेचा धनादेश काढला, पण नोंदणी लांबली आणि तो विक्रेत्याच्या हाती २४ जूनला पडला. व्याज १८ पासून लावले तर सहा दिवसांचे ४,१९२ रुपये असे जातात, जेव्हा पैसे बँकेतच होते. कर्ज एका बँकेतून दुसरीकडे नेताना हाच गोंधळ अधिक बोचतो, कारण धनादेश पोहोचेपर्यंत जुनी बँकही व्याज लावत असते.

रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात या प्रकारावर नेमके बोट ठेवले. काही संस्था मंजुरीच्या किंवा करारावर सही झाल्याच्या तारखेपासून व्याज लावत होत्या, काही धनादेशाच्या तारखेपासून. काही ठिकाणी महिन्याचे थोडेच दिवस कर्ज असूनही पूर्ण महिन्याचे व्याज घेतले जात होते. आपल्या उदाहरणात असे झाले तर ११,८७७ च्या जागी २१,२५० जातील. ही पद्धत न्याय्य नाही असे सांगून, असे जादा व्याज आणि इतर आकार ग्राहकांना परत करण्याचा सल्ला तपासणीत दोषी आढळलेल्या संस्थांना दिल्याचे रिझर्व्ह बँकेने नमूद केले. काही प्रकरणांत धनादेशाऐवजी थेट खात्यात रक्कम पाठवण्यासही संस्थांना उत्तेजन दिले गेले आहे.

बांधकाम सुरू असलेल्या घराची गोष्ट वेगळी. तिथे कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते आणि ताबा मिळेपर्यंत फक्त दिलेल्या रकमेचे व्याज घेतले जाते. त्याला प्री-ईएमआय म्हणतात. ते महिनोन्‌महिने चालते आणि त्यातून मुद्दल फिटत नाही. ब्रोकन पीरियड इंटरेस्ट हे सहसा महिन्याच्या आतल्या दिवसांचे आणि एकदाच.

काय मागायचे, कुठे पाहायचे

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायला हवे, म्हणून मराठीत मागता येते. त्यात परतफेडीचे वेळापत्रक असते. सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: पहिला हप्ता नेमका कोणत्या तारखेला, आणि त्याआधीच्या दिवसांचे व्याज कापून घेणार, वेगळे घेणार की हप्त्यात मिळवणार? उत्तर लेखी घ्यावे.

रक्कम मिळाल्यावर ती प्रत्यक्ष कोणत्या दिवशी हाती आली त्याचा पुरावा जपावा. बँक हस्तांतराचा संदेश किंवा धनादेश मिळाल्याची पोच पुरते. मग मुद्दल गुणिले दर भागिले ३६५ गुणिले दिवस, एवढा हिशेब करून उताऱ्याशी ताडून पाहावा. एका दिवसाच्या व्याजाएवढाच फरक असेल तर बहुधा दोन्ही टोकांचे दिवस मोजले गेले आहेत. फरक मोठा असेल तर सुरुवातीची तारीख तपासावी. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

पहिला हप्ता मोठा आला की लहान, यावरून फसवणूक झाली असे ठरत नाही. पैसे जितके दिवस आपल्याकडे होते तितक्याच दिवसांचे, आणि एकदाच, व्याज लागले का, एवढेच ठरवायचे असते. ते ठरवायला कर्जखात्याचा उतारा आणि कॅलेंडर पुरेसे आहे.