मोटर उठते तेव्हा व्होल्टेज पडते

पंचगंगा आणि कृष्णेच्या काठी पाणी उपसणारी मोटर आणि तिला वीज देणारी डीपी यांच्यात बऱ्याचदा अर्ध्या किलोमीटरचे अंतर असते. मोटर पाण्याजवळच बसवावी लागते. डीपी आणि मीटर मात्र पुराच्या पातळीच्या वर हवेत, हे २०१९च्या महापुराने पुन्हा एकदा दाखवून दिले. मधले अंतर केबल जोडते. ती घेताना दुकानात बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो, ‘मोटर किती एचपीची?’ अंतर किती आणि मोटर सुरू कशी करणार, हे विचारायचे राहून जाते. मग नवी कोरी मोटर बटण दाबल्यावर नुसती गुरगुरते, वेग घेत नाही, आणि काही सेकंदांत ओव्हरलोड रिले ट्रिप होतो.

समजा, मोटर २५ एचपीची, थ्री फेज आहे. ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला ती सुमारे ३५ अँपिअर प्रवाह घेते. डीपी १०० केव्हीएची आहे आणि तिथून जॅकवेलपर्यंतचे अंतर ४५० मीटर आहे. ॲल्युमिनियमची १६ स्क्वेअर एमएमची केबल ३५ अँपिअर सहज वाहते. तेवढ्या प्रवाहाने तिचे इन्सुलेशन तापून खराब होणार नाही, त्यामुळे कंपनीच्या तक्त्याप्रमाणे ती योग्यच ठरते. पण केबल किती अँपिअर वाहू शकते याचा तक्ता केवळ उष्णतेचा विचार करतो. केबल दहा मीटर असो की हजार मीटर, त्यातला आकडा तोच राहतो. व्होल्टेज मात्र मीटरागणिक कमी होत जाते आणि तो हिशेब वेगळा मांडावा लागतो.

त्यासाठीचे सूत्र असे:

ΔV = √3 × I × L × (R cosφ + X sinφ)

I म्हणजे प्रवाह आणि L म्हणजे किलोमीटरमध्ये अंतर. R हा केबलचा दर किलोमीटरचा रोध. X ही तिची रिॲक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला चुंबकीय क्षेत्रामुळे होणारा अडथळा. cosφ हा पॉवर फॅक्टर. १६ स्क्वेअरच्या ॲल्युमिनियम केबलचा रोध, ती गरम असताना, किलोमीटरला सुमारे २.३ ओहम असतो. रिॲक्टन्स जेमतेम ०.०८ ओहम. चालू मोटरचा पॉवर फॅक्टर ०.८६ धरला तर उत्तर येते सुमारे ५५ व्होल्ट. डीपीवर ४१५ व्होल्ट असताना मोटरपाशी उरतात ३६०. ही घट १३ टक्क्यांची झाली. साधारणपणे ती ५ टक्क्यांच्या आत ठेवतात. पंपाला लागणारी शक्ती तेवढीच राहत असल्याने कमी व्होल्टेजवर मोटर जास्त प्रवाह ओढते आणि वाइंडिंग तापत राहते. म्हणजे मोटर सुरू होण्याचा विचार करण्याआधीच १६ स्क्वेअर बाद झाली.

हाच हिशेब पुढच्या मापांसाठी केला तर २५ स्क्वेअरला घट ८ टक्क्यांच्या थोडी वर आणि ३५ स्क्वेअरला ६ टक्क्यांच्या थोडी वर येते. ५० स्क्वेअरला ती साडेचार टक्क्यांच्या आसपास येऊन मर्यादेत बसते. अनेक जण इथेच थांबतात.

खरी परीक्षा मात्र पहिल्या काही सेकंदांत होते. मोटर थांबलेली असते तेव्हा तिचा रोटर म्हणजे एका अर्थी ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट केलेली दुय्यम बाजू असते. रोटरच्या पट्ट्या टोकाच्या कड्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि फिरते चुंबकीय क्षेत्र त्यांना पूर्ण वेगाने कापत जाते. म्हणून थेट सुरू केलेली मोटर पूर्ण भाराच्या साधारण सहापट प्रवाह ओढते. आपल्या उदाहरणात तो २१० अँपिअर होतो. रोटरचा वेग पूर्ण वेगाच्या जवळ पोहोचेपर्यंत हा प्रवाह फारसा उतरत नाही.

प्रवाह सहापट झाला म्हणून घटही सहापट होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. सुरुवातीला मोटरचा पॉवर फॅक्टर फार कमी, साधारण ०.३ ते ०.४ असतो. त्यामुळे सूत्रातला रोधाचा वाटा आक्रसतो आणि एरवी नगण्य असलेल्या रिॲक्टन्सचा वाटा वाढतो. ५० स्क्वेअरच्या केबलमध्ये सुरू होताना सुमारे ५६ व्होल्ट, म्हणजे १३ ते १४ टक्के घट होते. चालू स्थितीतल्या घटीच्या ती तिप्पट आहे.

सुरुवातीला मोटरच्या टोकाशी १५ टक्क्यांपर्यंतची घट चालवून घेतात. त्या हिशेबाने ५० स्क्वेअर पास व्हायला हवी. पण यात डीपीतला ट्रान्सफॉर्मर धरलेलाच नाही. १०० केव्हीएच्या वितरण ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स साधारण साडेचार टक्के असतो. त्याने आपला पूर्ण भार घेतला तर त्याच्या आतच व्होल्टेज साडेचार टक्क्यांपर्यंत पडू शकते. २१० अँपिअरचा झटका म्हणजे सुमारे दीडशे केव्हीए, अर्थात ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेच्या दीडपट. तेवढ्यात डीपीपाशीच सहा-सात टक्के जातात. दोन्ही मिळून मोटरपाशी ८० टक्क्यांच्या आसपास, साधारण ३३५ व्होल्ट उरतात. त्याच डीपीवर शेजाऱ्यांचे पंप चालू असले तर त्याहूनही कमी.

इथे आणखी एक नियम लागू होतो. मोटर सुरू होतानाची पिळशक्ती, म्हणजे टॉर्क, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज ८० टक्के झाले की टॉर्क ६४ टक्क्यांवर येतो. १६ स्क्वेअरची केबल टाकली असती तर डीपीवर पूर्ण ४१५ व्होल्ट असतानाही मोटरपाशी २६० च्या आसपासच मिळाले असते आणि टॉर्क ४० टक्क्यांवर आला असता. गुरगुरणाऱ्या मोटरचे गूढ हेच आहे. तिला वेग घेता येत नाही, म्हणून ती सहापटीच्या जवळचा प्रवाह ओढत राहते आणि तापते. मग कोणीतरी ओव्हरलोड रिलेचे सेटिंग वाढवून देतो. रिले गप्प बसतो आणि वाइंडिंग जळते. रिवाइंडिंग करून आणलेली मोटरही त्याच केबलवर त्याच वाटेने जाते.

दुसरी खूण कानाने ओळखता येते. डायरेक्ट स्टार्टर मोटरजवळ असेल तर त्यातल्या कॉन्टॅक्टरलाही हेच पडलेले व्होल्टेज मिळते. बटण दाबताक्षणी व्होल्टेज पूर्ण असते, म्हणून कॉन्टॅक्टर ओढला जातो. मोटरचा प्रवाह सुरू होताच व्होल्टेज कोसळते आणि कॉइल त्याला धरून ठेवू शकत नाही. कॉन्टॅक्टर सुटला की प्रवाह थांबतो, व्होल्टेज पुन्हा वर येते आणि बटण दाबलेलेच असेल तर तो पुन्हा ओढला जातो. एका दमात होणारी ही खडखड काही वेळा कॉन्टॅक्ट चिकटवून टाकते. स्टार्टर बदलून ती जात नाही.

मग आणखी जाड केबल टाकावी का? ७० स्क्वेअर घेतली तर ट्रान्सफॉर्मरसह घट २० वरून १६ टक्क्यांवर येते आणि ९५ स्क्वेअरला १४ टक्क्यांवर. ५० ऐवजी ९५ म्हणजे जवळजवळ दुप्पट ॲल्युमिनियम. त्या बदल्यात मिळतात फक्त सहा टक्के. केबल जाड केली की रोध कमी होतो, पण रिॲक्टन्स जवळपास तेवढीच राहते आणि ट्रान्सफॉर्मरमधली घट तर केबलच्या मापाने कमी होतच नाही. एका मर्यादेनंतर केबलवर घातलेला पैसा पाण्यात जातो.

त्यापेक्षा स्वस्त उपाय प्रवाहच कमी करण्याचा आहे. स्टार-डेल्टा स्टार्टरने मोटर स्टारमध्ये सुरू केली तर लाइनमधला प्रवाह एक तृतीयांश होतो. ५० स्क्वेअरच्या त्याच केबलवर घट ट्रान्सफॉर्मर धरूनही सातेक टक्क्यांवर येते. पण टॉर्कही एक तृतीयांश होतो. थेट सुरुवातीला पूर्ण भाराच्या दीडपट टॉर्क देणारी मोटर स्टारमध्ये, घट धरून, ४३ टक्क्यांच्या आसपास टॉर्क देते. काठावरच्या साध्या सेंट्रिफ्युगल पंपाला तो पुरतो, पण डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवला तरच. व्हॉल्व्ह उघडा असेल तर पंप अर्ध्या वेगाच्या पुढे कुठेतरी अडकतो. टायमर त्याला डेल्टात टाकतो आणि वेग पूर्ण झालेला नसल्याने जवळजवळ थेट सुरुवातीचाच झटका बसतो. स्टार-डेल्टावर पैसे खर्च करूनही फायदा शून्य. म्हणून आधी व्हॉल्व्ह बंद, मोटर पूर्ण वेगात, मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, असा क्रम पाळावा लागतो.

स्टार्टर कुठे ठेवायचा हेही केबल घेण्याआधीच ठरवावे. पुराच्या भीतीने स्टार-डेल्टा स्टार्टर वर मीटरपाशी बसवला तर मोटरच्या सहाही टोकांना तिथून वायर न्यावी लागते, म्हणजे ४५० मीटरच्या दोन केबल. तो जॅकवेलपाशी उंच ओट्यावर बसवला तर एकच केबल पुरते.

अंतर याहून खूप जास्त असेल तर व्होल्टेजच वाढवून नेणे परवडते. ११ हजार व्होल्टच्या लाइनमध्ये तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह ४१५ व्होल्टच्या सव्वीसाव्या हिश्श्याइतका लागतो. महावितरणच्या एचव्हीडीएस योजनेत एक-दोन शेतकऱ्यांसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर शेताजवळ आणून लघुदाबाची तार आखूड करतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

जुन्या जोडणीत दोष नेमका कुठे आहे हे दोन मीटरनी कळते. किमान आकडा धरून ठेवणारा एक मीटर डीपीवर आणि दुसरा मोटरच्या टोकाशी लावून मोटर सुरू करावी. उघड्या जोडण्यांवर मोजायचे असल्याने हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. डीपीवरचे व्होल्टेज टिकले आणि मोटरपाशी कोसळले तर केबल बारीक आहे. डीपीवरच मोठी घट दिसली तर केबल बदलून उपयोग नाही. ट्रान्सफॉर्मरवरचा भार किंवा सुरू करण्याची पद्धत बदलावी लागेल. तीनपैकी एकाच फेजला घट जास्त असेल तर मापाला दोष देण्याआधी लग आणि सांधे तपासावेत, कारण ॲल्युमिनियमचा नीट न दाबलेला लग पुष्कळ व्होल्टेज खातो.

नव्या केबलची ऑर्डर देण्याआधी वायरमनकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: मोटरच्या नेमप्लेटवरचे अँपिअर, टेपने मोजलेले अंतर, स्टार्टरचा प्रकार आणि त्याची जागा, आणि डीपीची केव्हीए क्षमता. यांतली एक जरी अंदाजाने भरलेली असेल, तर केबलचे मापही अंदाजानेच ठरले आहे असे समजावे.