रॉक-महोत्सवाचे कुंपण

जत्रेस कुंपण नसते. मग तिचा खर्च कोणी सोसावा? रॉक नामक पाश्चात्य संगीताच्या महोत्सवांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरला आहे.

१९६९ च्या ऑगस्टात अमेरिकेतील बेथेल गावी एका शेतावर ‘वुडस्टॉक’ महोत्सव भरला. युद्धास व रूढ समाजरीतीस विटलेले तरुण तेथे लोटले. चालकांनी तिकिटे विकली होती. परंतु कुंपण वेळेवर पुरे झाले नाही. सुमारे ४ लाख लोक जमले व प्रवेश विनामूल्य करणे भाग पडले. चालक कर्जात बुडाले. ते कर्ज पुढे त्याच प्रसंगावरील चित्रपटाच्या उत्पन्नातून फिटले. मेळाव्यापेक्षा त्याचे चित्र अधिक विकले जाते, हे व्यापाऱ्यांस तेव्हा उमगले.

आपल्याकडे १९७१ साली लोणावळ्याजवळ मळवली येथे ‘स्नेहयात्रा’ हा तशाच धर्तीचा मेळावा झाला. १९८६ पासून मुंबईच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला. पुढे रुग्णालये व शाळा निकट असल्याने तो परिसर शांतताक्षेत्र ठरला, आणि महोत्सवास अन्यत्र जावे लागले.

मोकळ्या मैदानावर मंच, वीज, पाणी व पहारा सारेच नव्याने उभारावे लागते. केवळ तिकिटांवर ते भागणे कठीण. म्हणूनच २०१० साली पुण्यात ‘एनएच-सेव्हन वीकेंडर’ निघाला, तेव्हा त्याच्या नावामागे एका मद्यकंपनीचे नाव जोडले गेले. वादकांस मंच मिळाला खरा. पण ज्या बाजारास हे तरुण विटले होते, त्याचीच पाटी आता प्रवेशद्वारावर झळकू लागली.