सवाईच्या जाहिरातीतल्या चार ओळी

पुण्यात डिसेंबर जवळ आला की वर्तमानपत्रांत सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची जाहिरात येते. वरच्या भागात कलाकारांची नावे आणि खाली बारीक अक्षरात चार ओळी: गायन की वादन, स्थळ, बैठकव्यवस्था, तिकीट. जुने रसिक नावांवरून नजर फिरवतात आणि थेट त्या बारीक ओळींकडे वळतात. नवखा माणूस नावांतच अडकतो. प्रत्यक्ष मंडपात गेल्यावर त्याला जे कोडे पडते, त्याची निम्मी उत्तरे त्या चार ओळींत आधीच छापलेली असतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे ते शिष्य, मराठी संगीत रंगभूमीवरचे गायक नट, आणि भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर यांचे गुरू. सप्टेंबर 1952 मध्ये ते गेले आणि दुसऱ्याच वर्षी भीमसेनजींनी गुरूंच्या स्मृतीसाठी हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. 2011 च्या जानेवारीत भीमसेनजी गेल्यावर उत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले. लोक मात्र अजूनही नुसते ‘सवाई’ म्हणतात.

आता पहिली ओळ. एखाद्या नावापुढे नुसते ‘गायन’ लिहिलेले असते तेव्हा बहुतेक वेळा ख्याल ऐकायला मिळणार असे समजावे. कलाकार आधी संथ लयीतला बडा ख्याल मांडतो, मग द्रुत लयीतली बंदिश किंवा तराणा घेतो, आणि वेळ उरला तर शेवटी ठुमरी, नाट्यपद किंवा अभंग. गायक किराण्याचा असेल तर पहिला अर्धा तास फारसे काही घडत नाही असे नवख्याला वाटते. त्या पद्धतीत राग एकेका सुराने उलगडतो. गायक षड्जाशी बराच वेळ थांबतो, खालच्या सप्तकात जातो, मग वरच्या एकाच सुराभोवती रेंगाळतो. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन पुरे व्हायला कधी कधी पाऊण मिनिट, कधी मिनिटही लागते. अशा वेळी मात्रा मोजण्याच्या भानगडीत पडू नये. गायक बंदिशीच्या मुखड्याचे शब्द पुन्हा उच्चारू लागला की सम जवळ आली, एवढे कळले तरी पुष्कळ. शेजारच्या जाणकारांच्या माना त्याच क्षणी हलतात, त्यावरूनही ताळा करता येतो.

दुसरी ओळ स्थळाची आणि तिच्यालगत वेळ. माझ्या मते सगळ्या जाहिरातीत हीच ओळ महत्त्वाची, कारण कोणते राग कानावर पडणार हे कलाकाराइतकेच घड्याळही ठरवते. उत्सव अनेक वर्षे शनिवार पेठेत, रमणबागेच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या पटांगणात होत असे. 2018 मध्ये तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. पेठेतला माणूस अजून त्याबद्दल हळहळतो. हळहळीचे कारण खरे आहे, पण मैदानाच्या बदलापेक्षा मोठा बदल त्याआधीच झाला होता. पूर्वी इथे रात्रभर गाणे चाले आणि शेवटची रात्र उजाडल्यावर संपे. मग 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावरची बंदी ठामपणे उचलून धरली. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. सवाईतली शनिवारची रात्र बाराला संपते ती त्या सवलतीच्या जोरावर. अलीकडे साधारण असे असते: बुधवार ते शुक्रवार दुपारी तीन ते रात्री दहा, शनिवारी चार ते बारा, आणि रविवारी दुपारी बारा ते रात्री दहा.

याचा रागांवर काय परिणाम होतो ते एक दिवस मांडून पाहू. तीन ते दहा म्हणजे सात तास, कलाकार चार. दोन कलाकारांच्या मधे तंबोरे नव्याने लावणे, माइक बदलणे, एखादा सत्कार, यात वीसेक मिनिटे जातात. तीन मध्यंतरांचा एक तास वजा केला तर सहा तास उरतात, म्हणजे सरासरी दीड तास प्रत्येकाला. प्रत्यक्षात पहिल्याला तासाभरावर समाधान मानावे लागते आणि ज्येष्ठ कलाकार शेवटी असतो. तीनला बसणाऱ्या तरुण गायकाकडे भीमपलास, मुलतानी, मधुवंती असे दुपारचे राग असतात. एरवी घरी कुणी मुलतानी ऐकायला बसत नाही. मैफलीही बहुधा संध्याकाळनंतरच्या, त्यामुळे त्या रागांना इथे वर्षातली एक हक्काची जागा मिळते. दुसऱ्याची वेळ मावळतीकडे सरकते आणि पूरिया धनाश्री रंगायला लागतो. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तिसरा कलाकार सव्वासहाला बसला तर मारवा किंवा श्री नेमक्या वेळेवर येतात. सातला बसला तर ती वेळ हुकलेली असते आणि तो यमनकडे वळतो. आठनंतर बिहाग, शुद्ध कल्याण, केदार, जयजयवंती. दहाला थांबायचे म्हणून दरबारी आणि मालकंस यांच्यापर्यंत गाडी जातच नाही. रात्री उशिराचे हे राग ऐकायचे असतील तर शनिवार गाठावा, तिथे निदान बाराची मर्यादा आहे. पहाटेचे ललित, भटियार मात्र या मांडवातून जवळजवळ गेले. रविवारच्या दुपारी सारंगाचे प्रकार ऐकायला मिळतात, ही त्या वेळापत्रकाची भरपाई.

या गणितात एक खोच आहे. पहिल्या दोघांनी मिळून पंचवीस मिनिटे जास्त घेतली तरी दहाची वेळ जागची हलत नाही. ती पंचवीस मिनिटे शेवटच्या कलाकाराच्या वाट्यातून जातात, आणि तो बहुधा सर्वांत मोठा असतो. बडा ख्याल आवरता घेतलेला, द्रुत घाईत, भैरवी दोन मिनिटांत आटोपलेली, असा शेवट ऐकल्यावर लोक कलाकाराला दोष देतात. दोष बहुतेक वेळा दुपारी चारच्या घड्याळात असतो. सूत्रसंचालन लांबत चालले की मला तरी गाण्यापेक्षा घड्याळच दिसू लागते.

मधल्या वीस मिनिटांबद्दलही लोक कुरकुरतात. ती मिनिटे आळसाची नसतात. पुरुष गायकाची पट्टी पांढरी एक, काळी एक अशी असली तर स्त्री गायिकेची काळी चार, काळी पाच अशी वर असते. म्हणजे तंबोऱ्याच्या तारा नव्याने चढवायच्या किंवा दुसरे तंबोरे आणायचे, तबलाही बदलायचा. शिवाय पहिली तार काय लावायची ते रागावर ठरते. बहुतेक रागांत ती पंचमावर असते. मालकंसात पंचमच नाही, म्हणून ती मध्यमावर आणतात. मारव्यात पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, तेव्हा ती निषादावर जाते. त्यात डिसेंबरच्या रात्रीची थंडी. तारा आकसून सूर किंचित चढतो, आणि दव पडले की तबल्याची पुडी सैलावते. गाणे चालू असताना तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकू लागला, किंवा तंबोऱ्याला बसलेला शिष्य कान लावून खुंटी फिरवू लागला, तर काही बिघडले असे समजू नका.

तिसरी ओळ बैठकव्यवस्थेची. पुढे सोफे, मग खुर्च्या, आणि बाकी मोठा पसारा भारतीय बैठकीचा, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जागेवर मांडी घालून बसायचे. भारतीय बैठकीत जो आधी येईल त्याला जागा. त्यामुळे दुपारपासूनच सतरंज्या, चादरी, पिशव्या पसरून जागा धरल्या जातात. एका चादरीवर सहा जणांची जागा आणि बसलेले दोघे, हे दृश्य सर्रास दिसते. कुणाची जागा आणि कुणाचा हक्क, यावर दरवर्षी वाद होतात आणि दरवर्षी तसेच मिटतात. जमिनीवर बसणाऱ्याला गुडघ्यांची किंमत मोजावी लागते. उशीसारखी गादी आणि शाल बरोबर असेल तर चार तास निभावतात. मांडवात रात्री गारवा शिरतो.

जागा निवडताना लोक फक्त व्यासपीठ किती दिसते ते पाहतात. कानाचा हिशेब वेगळा आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे व्यासपीठापासून पन्नास मीटरवर बसलेल्या माणसाला तो सुमारे सेकंदाचा सातवा भाग उशिरा मिळतो. मागच्या लोकांसाठी मधेही ध्वनिक्षेपक उभे असतात. त्यांतून आवाज तेवढाच थांबवून सोडला तर सगळे एकजीव ऐकू येते. हा हिशेब चुकला तर तबल्याचा एकच ठोका दोनदा आल्यासारखा वाटतो आणि गायकाची तान धुरकट होते. मागे बसून ही खूण जाणवली तर दहा-पंधरा पावले पुढे किंवा बाजूला सरकून पाहा, फरक कळतो. मोठ्या पडद्यावर बोट तबल्यावर पडलेले आधी दिसते आणि आवाज मागून येतो, तेही याच अंतरामुळे. माझी पसंती मधल्या भागाला, पहिल्या ध्वनिक्षेपकाच्या समोर पण त्याच्या अगदी पायाशी नाही अशा जागेला. पहिल्या काही रांगांत बसून कलाकाराचा चेहरा दिसतो, पण कडेच्या टोकाला बसले तर एकाच बाजूचा आवाज फार मोठा होतो आणि तंबोरे जवळजवळ ऐकू येत नाहीत.

उठण्याचेही एक भान हवे. आलाप चालू असताना उठू नये. बंदिश संपली, टाळ्या पडल्या की निघावे. खाण्याचे स्टॉल बाहेर असतात आणि मांडवातली वर्दळ तिकडेच असते. तिथे उभे राहूनही गाणे ऐकू येते, म्हणून काही रसिक हातात चहा घेऊन अख्खा ख्याल तिथेच ऐकतात. मला ते मान्य नाही, पण त्यांना मान्य आहे.

चौथी ओळ तिकिटाची. पाचही दिवसांचे सीझन तिकीट आणि एकेका दिवसाचे तिकीट असे दोन प्रकार, आणि सोफा, खुर्ची, भारतीय बैठक अशी दरांची उतरंड. भारतीय बैठक सर्वांत स्वस्त. रोज जमणार नसेल, तर सीझन तिकिटाच्या मोहात पडू नये. रोज सात तास किंवा अधिक, असे पाच दिवस बसणे हे नोकरी करणाऱ्याला सहसा झेपत नाही, आणि कामाच्या दिवशी दुपारी तीनची वेळ त्याच्यासाठी नसतेच. त्याने शनिवार किंवा रविवार निवडावा. मात्र त्या दोन दिवसांची तिकिटे आधी संपतात, तेव्हा विक्री सुरू होताच घ्यावीत. ज्याला दुपार मोकळी आहे त्याने उलट बुधवार किंवा गुरुवार धरावा. गर्दी कमी असते, जागा बरी मिळते, आणि पुढे नाव होणारा एखादा तरुण गायक पहिल्या तासात ऐकायला मिळू शकतो. विक्री काही ठरलेल्या दुकानांतून आणि ऑनलाइन होते. दर आणि दुकाने त्या त्या वर्षाच्या जाहिरातीतच पाहावीत, मागच्या वर्षीच्या आकड्यांवर विसंबू नये.

शनिवारचे तिकीट मिळाले तर गाणे रात्री बाराला संपते हे लक्षात ठेवा आणि परतीच्या रिक्षाची सोय आधीच करून ठेवा.